तीन कॉम्पॅक्ट कीबोर्ड, एक हळदीचा सीझन आणि ६१८ रुपयांचा फरक

आमचं ऑफिस सांगलीत गणपती पेठेत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. काम म्हणजे जीएसटी, इन्कम टॅक्स आणि मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांचं टॅलीत हिशोब लिहिणं. माणसं तीन. दिवाणजी, जे आधी यार्डातच एका दुकानात होते आणि आता आमच्याकडं आहेत. ताई, ज्या रिटर्नचं सगळं बघतात. आणि एक पोरगं, एम.कॉम. झाल्या झाल्या लागलेलं. मी चौथा, पण कीबोर्डवर माझं काम कमी आणि फोनवर जास्त.

झालं असं की ताईंचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं स्कूटीमुळं असेल, मग डॉक्टरनं विचारलं की माऊस कुठं ठेवता. ताईंनी हात लांब करून दाखवला तर डॉक्टर म्हणाले, हेच कारण, दिवसाचे सात-आठ तास हात असा बाहेर काढून ठेवल्यावर खांदा काय गप बसणार आहे का. मी ऑफिसला येऊन टेप लावली. आपण कीबोर्डसमोर बसतो तेव्हा खरं तर अक्षरांसमोर बसतो, म्हणजे G आणि H च्या मधे आपलं नाक येतं. तिथनं साध्या १०४ बटणांच्या कीबोर्डची उजवी कड साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि माऊस त्याच्याही पलीकडं. नंबरपॅड काढलेल्या ८७ बटणांच्या कीबोर्डला हेच अंतर २२ च्या आसपास येतं. आठ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही पण कोपर अंगाला लागून राहतं की बाहेर जातं ते इथंच ठरतं.

मग मी शहाणपणा केला. ताईंसाठी एक घ्यायचा तर सगळ्यांनाच घेऊ, टेबलावर फायलींना तरी जागा होईल, म्हणून तीन कॉम्पॅक्ट कीबोर्ड मागवले. नशीब एवढंच की ६१ बटणांचा आणखी छोटा मॉडेल बघत होतो तो नाही घेतला, त्यात वरची F ची ओळच नसते, Fn दाबून आकडा दाबायचा तेव्हा F8 होतो. टॅलीत दिवसभर F2 तारीख, F5 पेमेंट, F6 रिसीट, F8 सेल, F9 पर्चेस हेच चालू असतं, आणि मागचं-पुढचं व्हाउचर बघायला पेजअप-पेजडाऊन, त्यामुळं तो ६१ वाला आमच्यासारख्यांनी घेणं म्हणजे पायात पाय. ८७ मध्ये F ची ओळ, बाण, पेजअप सगळं असतं, फक्त नंबरपॅड नसतो.

ताई दोन दिवसांत खूश. त्याचं कारण नंतर कळलं. दिवाणजींनी मात्र एक दिवस वापरला, संध्याकाळी आपला जुना कीबोर्ड कपाटातनं काढून परत लावला आणि काही बोलले नाहीत. पोरग्याला मी म्हटलं, तू तरुण आहेस, सवय होईल.

फेब्रुवारीत हळदीचे सौदे जोरात चालू झाले आणि पट्ट्यांचे गठ्ठे यायला लागले. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोबाचा कागद. नाव-गाव, किती पोती, किती किलो, क्विंटलला काय दर, मग हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती. आमच्याकडं येते ती कार्बनची खालची कॉपी, निळसर पुसट, त्यात १ आणि ७ ओळखायला कधी कधी कागद उजेडाकडं तिरका धरावा लागतो. एका पट्टीत नाव टॅलीतल्या यादीतनं तीन-चार अक्षरांत येतं, बाकी सगळे आकडे आणि मधे मधे एंटर. तारखेला सुद्धा नुसतं १५ टाकलं तरी चालू महिना धरतो, म्हणजे अक्षरांचं काम जवळपास नाहीच.

पोरगं चार दिवसांत मागं पडलं. मी आधी मोबाईल बघत बसतोस म्हणून ओरडलो, मग म्हटलं बघू तरी, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या तासात लक्षात आलं ते हे की घोळ बोटांचा नव्हता, डाव्या हाताचा होता.

नंबरपॅडवर दिवाणजी कसं करतात बघा. उजवा हात पॅडवर, मधलं बोट ५ वर, त्या ५ वर बारीक उंचवटा असतो त्यामुळं न बघता हात जागेवर बसतो. तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, शून्य अंगठ्यानं, एंटर करंगळीनं. डावा हात पूर्ण मोकळा. तो पट्टीवर. डाव्या हाताचं बोट आकड्याखाली सरकत जातं, शेवटच्या एंटरबरोबर अंगठा पट्टी उलटवतो. डोळे कागदावरनं हलतच नाहीत, स्क्रीनकडं मधे मधे एक नजर.

वरच्या आकड्यांच्या ओळीवर हे जमतच नाही. १ ते ० ही ओळ दहा बटणं लांब, ती एका हातानं मारायची तर हात इकडून तिकडं पळवावा लागतो, दोन हातांनी मारायची तर डावा हात पट्टीवरनं उचलावा लागतो. पोरगं दोन हातांनी मारत होतं. म्हणजे पट्टी बघायची, ६.१८ क्विंटल लक्षात ठेवायचं, खाली कीबोर्डकडं बघायचं, मारायचं, परत पट्टीवर यायचं आणि आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधायचं. वर आणखी ती टिंबाची गंमत. नंबरपॅडवर टिंब शून्याच्या शेजारी आहे. कॉम्पॅक्टवर ६ सगळ्यात वरच्या ओळीत आणि टिंब सगळ्यात खालच्या अक्षरांच्या ओळीत, वजन लिहायचं तर प्रत्येक वेळी वर-खाली-वर. हमालीच्या दोन रकमा मिळवायला अमाऊंटमध्ये Alt+C मारून कॅल्क्युलेटर उघडला तर अधिकच्या चिन्हाला शिफ्ट, गुणाकाराला शिफ्ट आणि ८. पॅडवर ही सगळी चिन्हं नुसत्या एका बोटाची.

मी साधी परीक्षा घेतली. चाळीस पट्ट्यांचा एकच गठ्ठा, टॅलीत डमी कंपनी काढून. पोरग्याला मोठ्या कीबोर्डवर २६ मिनिटं लागली, कॉम्पॅक्टवर ३५. आणि म्हटलं सवय नसेल, म्हणून दोन आठवडे त्याला कॉम्पॅक्टच वापरायला लावून परत वेगळा गठ्ठा दिला, तर ३१. सुधारलं पण तिथंच अडकलं. एका माणसाची, एका ऑफिसातली चाचणी आहे, यावरनं कोणी जगाचा नियम काढू नये. पण चाळीस पट्ट्यांना पाच मिनिटं म्हणजे सीझनमध्ये रोज येणाऱ्या तीन-साडेतीनशे पट्ट्यांना पाऊण तास झाला, आणि पाऊण तास म्हणजे पोरग्याची शेवटची एसटी.

वेळेपेक्षा मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते चुकांचं. टॅलीत नावे-जमा जुळल्याशिवाय व्हाउचर सेव्हच होत नाही, त्यामुळं लोकांना वाटतं चूक झाली तर टॅली सांगेल. नाही सांगत. दर चुकला तर दोन्ही बाजूला सारखाच चुकतो. आमच्याकडं पकडायचा एकच मार्ग, अडत दुकानदार दिवसाच्या शेवटी हातानं लिहितो ती बेरीज आणि टॅलीतली त्या दिवसाची बेरीज.

एका दिवशी फरक आला ६१८ रुपये. टॅलीत जास्त. पोरगं एकेक पट्टी परत तपासायला बसलं, सव्वाशे पट्ट्या होत्या. दिवाणजींनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "अरे ६१८ किलोची पट्टी शोध की, दर शंभरानं चुकलाय." होती. १२ पोती, ६१८ किलो, दर १४,३००. बरोबर रक्कम ८८,३७४. पोरग्यानं दर टाकलेला १४,४००, रक्कम ८८,९९२. वजन ६.१८ क्विंटल, दर शंभरानं जास्त, म्हणून फरक ६१८.

आता यात गंमत बघा. ३ च्या जागी ४ पडला. वरच्या ओळीत ३ आणि ४ शेजारी आहेत, नंबरपॅडवर नाहीत. पॅडवर ३ च्या वर ६ आहे, डावीकडं २. म्हणजे ही चूक आकड्यांच्या ओळीचीच, पॅडवर ती बोट घसरून होणारच नाही. पॅडवरची घसरण वेगळी दिसते, तिथं आडवं घसरलं तर फरक १ चा आणि उभं घसरलं तर ३ चा, कारण ७ खाली ४, ४ खाली १, प्रत्येक वेळी तीन कमी.

पुढं महिन्याभरानं दिवाणजींच्याच एंट्रीत १,४१६ चा फरक निघाला, ४७२ किलोची पट्टी, दर १३,५०० चा त्यांनी १३,८०० मारलेला. पाचाच्या वर आठ. १,४१६ ला तिनानं भागलं की ४७२, पट्टी लगेच सापडली. ते हसले आणि म्हणाले वय झालं. पण तेव्हापासून पोरग्यानं भिंतीवर चिकटवलंय, फरक आला की आधी तो कुठल्या पट्टीच्या किलोइतका आहे का बघायचं, नसला तर तिनानं भागून बघायचं, आणि नऊनं भाग जातो का तेही बघायचं. नऊनं जात असेल तर बहुतेक दोन आकडे उलटे पडलेत, १४,३०० चं १३,४०० झालंय, नाहीतर एक शून्य खाल्लंय, हमाली १५० च्या जागी १५. दोन्हींचा फरक नऊच्या पटीत येतो. हे सगळं एकच चूक असेल तर चालतं. एका दिवसात दोन चुका झाल्या की फरकांची भेळ होते आणि मग पट्ट्या परत बघण्याशिवाय इलाज नाही, म्हणून आता आम्ही दिवसाची नाही, पंचवीस-पंचवीस पट्ट्यांची बेरीज मारून घेतो.

आता ताईंचं. त्यांना त्याच कॉम्पॅक्टवर काहीच त्रास का नाही हा प्रश्न मला पडलेला. उत्तर सोपं निघालं, त्यांच्या टेबलावर कागदच नसतो. १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, त्या ते एक्सेलमध्ये उतरवून पर्चेस रजिस्टरशी जुळवतात, २० च्या आत थ्री-बी हे रिटर्न भरायचं. सगळं स्क्रीनवरनं स्क्रीनवर, फिल्टर, कॉपी, पेस्ट, शोध. उजवा हात पूर्ण वेळ माऊसवर आणि आकडे टाइप करायचे ते तुरळक. त्यांच्यासाठी नंबरपॅड म्हणजे माऊस आणि त्यांच्यामधला अडथळा होता बस्स.

आणि एका कामात तर त्या कॉम्पॅक्टवर दिवाणजींना सरळ मागं टाकतात, जीएसटी नंबर. पंधरा जागांचा असतो, आधी राज्याचे दोन आकडे, महाराष्ट्राचे २७, मग पॅनची पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, मग साधारण १, मग Z आणि शेवटी एक चेक कॅरेक्टर. म्हणजे आकडे, अक्षरं, आकडे, अक्षर, आकडा, अक्षर. नंबरपॅडवाला माणूस प्रत्येक वळणावर उजवा हात पॅडवर नेतो आणि परत आणतो. ताईंनी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिलीय, आकड्यांची ओळ त्यांच्या बोटात आहे, त्या न बघता एका दमात मारतात. आमच्याकडच्या बहुतेक पोरांचं टायपिंग अक्षरांपुरतंच पक्कं असतं, वरच्या ओळीला मान खाली जातेच. त्यामुळं "वरच्या ओळीची सवय होते" हे वाक्य ताईंच्या बाबतीत खरं आहे, पोरग्याच्या बाबतीत मला तरी दोन आठवड्यांत दिसलं नाही.

मग पोरग्यासाठी काय. मोठा कीबोर्ड परत देणं हा सरळ मार्ग होता, पण तो सकाळी पट्ट्या करतो आणि दुपारी ताईंना एक्सेलमध्ये मदत, खांदा त्याचाही आहेच. शेवटी सुटा यूएसबी नंबरपॅड आणला, वायरचा, पाचशे-सातशेच्या आतला. सकाळी कीबोर्डच्या उजवीकडं पॅड, माऊस वर सरकवलेला, कारण पट्ट्या करताना माऊस लागतच नाही. दुपारी पॅड उचलून मॉनिटरखाली आणि माऊस कीबोर्डला चिकटून. मोठ्या कीबोर्डमध्ये हेच करता येत नाही, पॅड तिथं खिळलेला असतो.

पण सुट्या पॅडनं पहिल्याच आठवड्यात दोन घोळ घातले ते सांगायला पाहिजेत.

पहिला, एक दिवस पोरगं कॉम्पॅक्ट बाजूला ठेवून आपल्या जुन्या लॅपटॉपच्याच कीबोर्डवर नावं मारत होतं आणि आकडे सुट्या पॅडवर. Mali टाइप केलं की स्क्रीनवर 0a35 यायचं. त्याला वाटलं व्हायरस. काही जुन्या छोट्या लॅपटॉपमध्ये अक्षरांच्याच बटणांत नंबरपॅड लपवलेला असतो, U I O म्हणजे ४ ५ ६, J K L म्हणजे १ २ ३, M म्हणजे ०. नमलॉक, म्हणजे पॅडवरचे आकडे चालू-बंद करायचं बटण, विंडोजमध्ये सगळ्या कीबोर्डना मिळून एकच असतो, सुट्या पॅडसाठी तो चालू केला की लॅपटॉपचा लपलेला पॅड पण जागा होतो. आमच्या बाहेरच्या कॉम्पॅक्ट कीबोर्डला असला लपलेला पॅड नाही, त्यामुळं अक्षरं त्याच्यावरच मारायची, प्रश्न मिटला.

दुसरा घोळ नमलॉक बंद राहण्याचा, आणि हा मोठ्या कीबोर्डवरही होतो. नमलॉक बंद असला की पॅडवरचा ९ म्हणजे पेजअप, ३ म्हणजे पेजडाऊन, ७ म्हणजे होम, ५ म्हणजे काहीच नाही. टॅलीत व्हाउचर भरताना पेजअप म्हणजे मागचं व्हाउचर. पोरगं कागदाकडं बघत ९ नं सुरू होणारी रक्कम मारायला गेलं आणि मान वर केली तर समोर भलतंच व्हाउचर उघडलेलं. आम्ही नियम केला, सकाळी पहिली एंट्री करायच्या आधी पॅडवर ५ दाबायचा, आकडा उमटला तर पुढं.

एक्सेलचं एक राहिलं. नंबरपॅडवर टॅब नसतो, एंटर असतो आणि एक्सेलमध्ये एंटर खाली नेतो. पट्टीसारखी माहिती आडवी भरायची तर प्रत्येक रकान्याला डावा हात टॅबवर, म्हणजे परत पट्टी सुटली. त्याला उपाय आहे. इथं जायचं:

```
File > Options > Advanced
After pressing Enter, move selection
Direction: Right
```

आणि मग जेवढ्या ओळी-रकाने भरायचे तेवढा भाग आधी सिलेक्ट करून ठेवायचा. एंटर उजवीकडं जातो आणि शेवटच्या रकान्यानंतर आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. सिलेक्ट नाही केलं तर मात्र उजवीकडं जातच राहतो. त्याच पानावर आपोआप दशांश टाकायची पण एक टिकमार्क आहे, १२३४५ मारलं की १२३.४५ होतं. कोणीतरी ती लावून ठेवली आणि दुसऱ्या माणसानं येऊन पूर्ण रुपयांच्या रकमा भरल्या तर सगळ्या शंभर पट छोट्या होतात. आमच्याकडं मशीन बदलून वापरतात म्हणून मी तिला हातच लावू देत नाही.

ताईंना मी सुचवलं, पॅड हवाच असेल तर डावीकडं ठेवा, उजवा हात माऊसवर तसाच राहील. त्यांनी आठवडाभर करून बघितलं. डाव्या हातानं तर्जनी ६ वर येते आणि अनामिका ४ वर, सगळं उलटं, पण एंटर आणि अधिक उजव्या कडेला असल्यानं तर्जनीला जवळ पडतात. त्या आता टू-बीतल्या फरकाच्या रकमा तशाच मारतात. पट्ट्यांसाठी हे पोरग्याला नको म्हटलं, कागद उजव्या हातानं उलटवायची सवय नव्यानं लावायची आणि तेही ऐन सीझनमध्ये, कशाला.

तिसरा कॉम्पॅक्ट कीबोर्ड घरी नेला, मुलगी वापरते. दिवाणजींचा जुना मोठा कीबोर्ड तसाच आहे. त्याच्या ५ वरचा उंचवटा झिजून गुळगुळीत झालाय म्हणून त्यांनी त्यावर फेविक्विकचा एक थेंब टाकून वाळवून घेतलाय. मी नवा देतो म्हटलं तर म्हणाले, "आधी हा सीझन जाऊ दे."